कोणाच्या डोक्यात होतं, ते सांगा

"पेपरात येतं कंपनीवर गुन्हा दाखल, आणि मग वर बसलेले साहेब सुटतात. कधी साहेब अडकतो तर कंपनी म्हणते आमचा काय संबंध. हे तुम्ही वकील लोक जमवता कसं?"

आम्ही काही जमवत नाही हो. म्हणजे थोडं जमवतो, त्यावर येतोच. पण आधी हे ऐका की यात बहुतेक वेळा कोणाला पैसे चारलेले नसतात, भानगड कायद्याच्या पोटातच आहे.

फसवणुकीसारख्या गुन्ह्यात नुसतं नुकसान दाखवून भागत नाही, शब्द दिला तेव्हाच लबाडीचा इरादा होता हे दाखवावं लागतं. नंतर पैसे बुडवले तर तो दिवाणी दावा. आता कंपनीला इरादा कुठून येणार? तर कोर्टं म्हणतात, कंपनी ज्या माणसांच्या डोक्याने चालते त्यांचा इरादा तोच कंपनीचा. इंग्लंडमध्ये १९५६ साली लॉर्ड डेनिंग या जजने सांगितलं की कंपनीला माणसासारखा मेंदू आहे आणि हातही आहेत, नोकर म्हणजे हात, आणि डायरेक्टर-मॅनेजर म्हणजे मेंदू. आपल्याकडे इरिडियम विरुद्ध मोटोरोला या केसमध्ये मुंबई हायकोर्टाने कंपनीला फसवणुकीचा इरादा असू शकत नाही म्हणून तक्रार रद्द केली होती, सुप्रीम कोर्टाने २०१० साली ते फिरवलं. ज्या माणसाचं किंवा मंडळाचं नियंत्रण इतकं घट्ट आहे की कंपनी त्यांच्यामार्फतच विचार करते असं म्हणता येईल, त्यांचं मन कंपनीला चिकटतं. कंपनीला तुरुंगात टाकता येत नाही हा मुद्दा त्याआधीच, २००५ च्या स्टँडर्ड चार्टर्डच्या निकालात संपला होता, ३ विरुद्ध २ मतांनी. तुरुंग जमत नाही तर दंड करा, पण खटला चालवा.

इथपर्यंत सगळ्यांना पटतं. मलाही फार वर्षं पटत होतं.

आता माझी केस. नावं देत नाही, मागूही नका. माझा अशील पॅकिंगचा माल पुरवायचा, छोटा माणूस, कर्ज काढून धंदा करणारा. एका बऱ्यापैकी मोठ्या कंपनीच्या परचेस मॅनेजरने त्याला नेहमीसारखी ऑर्डर दिली, साठ दिवसांची उधारी, आणि यावेळी नेहमीपेक्षा बराच जास्त माल. याने दिला. साठ दिवस संपायच्या आत कंपनीने तो प्लांट बंद केला आणि पैसे थांबले. नंतर तिथून बाहेर पडलेल्या एका माणसाकडून कळलं की ऑर्डर जायच्या आधीच एक अंतर्गत नोट फिरली होती, प्लांट बंद होणार आहे, जुन्या पुरवठादारांचं पेमेंट थांबवा, पण बंद होईपर्यंत माल घेत राहा. नोट लिहिली होती फायनान्स हेडने. आता बघा, हा माणूस बोर्डावर नव्हता. पगारी अधिकारी. पण कोणाला कधी पैसे द्यायचे हे पूर्ण त्याच्या हातात, एमडी फक्त महिन्याच्या मीटिंगला आकडे बघायचा.

आम्ही तक्रार केली. कंपनी, एमडी, दोन डायरेक्टर, फायनान्स हेड आणि परचेस मॅनेजर, सगळे आरोपी. मॅजिस्ट्रेटने प्रोसेस काढली, म्हणजे सगळ्यांना समन्स. माझा अशील खूश, आता येतील सरळ लायनीवर. ते गेले हायकोर्टात, तक्रार रद्द करा म्हणून.

तिथे जे झालं ते मी अजून डोक्यात वाजवत बसतो. जज साहेबांनी अगदी शांतपणे एकेक नाव घेतलं. परचेस मॅनेजर, शब्द याने दिला, बरोबर? हो. याला प्लांट बंद होणार हे माहीत होतं असं तुमच्या तक्रारीत कुठे आहे? नव्हतं, कारण खरंच त्याला माहीत नव्हतं, तो बिचारा स्वतःच नोकरी जाऊन घरी बसला होता. मग दोन डायरेक्टर, यांनी काय केलं? मी म्हटलं, हे बोर्डावर आहेत, कंपनीचा मेंदू आहेत. जज म्हणाले, मेंदू असतील, पण या व्यवहाराबद्दल त्या मेंदूत काय होतं ते दाखवा. एमडीचंही तेच. मग आला फायनान्स हेड. याला माहीत होतं, कबूल. पण माझ्या अशिलाशी हा बोलला नव्हता, शब्द दिला नव्हता, ऑर्डरवर याची सही नव्हती. समोरच्या वकिलाने इथेच पाचर मारली. ज्याने शब्द दिला त्याला इरादा नाही, ज्याला इरादा होता त्याने शब्द दिला नाही, आणि तो तसाही बोर्डावर नाही तर त्याचं मन कंपनीचं मन कसं?

मी म्हटलं, माय लॉर्ड, दोन्ही मिळून कंपनीच आहे ना, एका हाताने शब्द दिला आणि दुसऱ्या ठिकाणी माहिती होती. बेरीज करा. बेरीज झाली नाही. डायरेक्टर आणि एमडी सुटले, परचेस मॅनेजर सुटला, आणि कोणाही माणसाचा इरादा नीट मांडलेला नाही म्हणून कंपनीही सुटली. फायनान्स हेड एकटा उरला, त्याचा खटला रेंगाळत रेंगाळत शेवटी तडजोडीवर मिटला, मूळ रकमेच्या निम्मेही हातात पडले नाहीत. बाहेर कॉरिडॉरमध्ये अशील मला म्हणाला, "साहेब, म्हणजे कंपनीला माहीत होतं, कंपनीनेच ऑर्डर दिली, आणि फसवलं कोणीच नाही?" मी काहीतरी कायद्याचं बोललो. त्याने मान हलवली, पण पटलं नव्हतं.

त्याने बिलाच्या बदल्यात पुढच्या तारखेचे चेक घेतले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. चेक बाउन्सच्या कायद्यात कलम १४१ आहे, त्यात कंपनीच्या रोजच्या कारभाराला जबाबदार असलेला माणूस कायद्यानेच आरोपी होतो, लबाडी सिद्ध करायची गरज नाही. फसवणुकीच्या कलमात अशी सोय नाही, तिथे मन शोधावंच लागतं.

लोक म्हणतात वर बसलाय म्हणजे त्याला माहीत असणारच. मीही तेच म्हटलं होतं. पण सुप्रीम कोर्टाने २०१५ साली सुनील भारती मित्तल विरुद्ध सीबीआय या केसमध्ये हे दार बंद केलं. तिथे सीबीआयच्या आरोपपत्रात तीन टेलिकॉम कंपन्या होत्या, त्यांचे बडे लोक नव्हते. स्पेशल जजने म्हटलं, हेच लोक कंपन्यांना चालवणारं मन आहेत, बोलवा त्यांनाही. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, हा नियम उलटा लावलाय. माणसाचा इरादा कंपनीला लावता येतो, पण कंपनीने काही केलं म्हणून वरच्या माणसाला आपोआप इरादा चिकटत नाही. त्याचा स्वतःचा सक्रिय भाग आणि गुन्हेगारी हेतू दाखवणारा पुरावा हवा, किंवा कायद्यातच तशी तरतूद हवी. राग येतो, पण स्वतःला त्या खुर्चीत बसवून बघा. खालच्या कोणीतरी काहीतरी केलं आणि तुम्ही फक्त पदावर होतात म्हणून तुम्हाला समन्स. मी आता कंपन्यांच्या बाजूनेही उभा राहतो, हो, राहतो, आणि तिथे हा निकाल मी रोज वाचून दाखवतो. लाज वाटत नाही. तो बरोबरच आहे.

पण मग बेरीज का नाही? इथे माझं माझ्याशीच भांडण आहे. कारण या नियमाचा फायदा कोणाला होतो बघा. १९८७ मध्ये बेल्जियमच्या झीब्रुगे बंदरातून हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज नावाची फेरीबोट पुढचे दरवाजे उघडे ठेवून निघाली आणि उलटली, १९३ माणसं मेली. दरवाजे बंद करणारा झोपला होता, पण त्याआधी कॅप्टन लोकांनी दरवाजे बंद आहेत की नाही हे दाखवणारे दिवे बसवा म्हणून लिहिलं होतं आणि वरच्यांनी ते उडवून लावलं होतं. चौकशीने ढिसाळपणा वरपासून खालपर्यंत मुरलाय असं सांगितलं. तरी इंग्लंडमधल्या १९९० च्या खटल्यात कंपनी सुटली, कारण एकाच वरिष्ठ माणसात पुरेसा दोष सापडेना आणि वेगवेगळ्या माणसांचे दोष जोडायला कोर्टाने नकार दिला. आणि १९९३ मध्ये इंग्लंडच्या लाइम बे मध्ये समुद्रात कयाकवर गेलेली चार शाळकरी मुलं मेली, तिथे त्यांना नेणारी कंपनी एवढीशी होती की एमडीच सगळं बघायचा, त्याला आधी लेखी इशाराही मिळाला होता. तो दोषी, कंपनी दोषी. म्हणजे जितकी कंपनी मोठी, जितके थर जास्त, तितकं तिचं मन सापडायला कठीण. टेस्को या इंग्लंडमधल्या दुकानसाखळीच्या १९७१ च्या निकालात हेच होतं. जाहिरातीत स्वस्त सांगितलेली कपडे धुण्याची पावडर दुकानात महाग विकली, दोष दुकानाच्या मॅनेजरचा, पण शेकडो दुकानांपैकी एका दुकानाचा मॅनेजर म्हणजे कंपनी नव्हे, तो कायद्याच्या भाषेत 'दुसराच माणूस', म्हणून कंपनी सुटली.

अमेरिकेत बेरीज करतात काही ठिकाणी. १९८७ च्या बँक ऑफ न्यू इंग्लंडच्या केसमध्ये कोर्टाने म्हटलं, निरनिराळ्या कर्मचाऱ्यांना जे जे माहीत होतं ते सगळं बँकेला माहीत होतं. मी तरुण असतो तर टाळ्या वाजवल्या असत्या. आता भीती वाटते. चार निष्पाप डोकी जोडून एक लबाड डोकं तयार झालं तर ज्या लबाडीसाठी शिक्षा देतोय ती प्रत्यक्षात कोणीच केलेली नसते. माहिती जोडता येईल, इरादा कसा जोडायचा? असं मी म्हणतो आणि मग तो फायनान्स हेड आठवतो. तिथे इरादा होता की, एकाच डोक्यात पूर्ण होता, फक्त खुर्ची बोर्डाची नव्हती आणि शब्द दुसऱ्याच्या तोंडून गेला होता. निरागस माणसाच्या हातून गुन्हा करून घेणारा कायद्याला नवा नाही. हायकोर्टात मी हा मुद्दा बेरजेऐवजी मांडला असता तर? मांडला होता, खरं तर, शेवटी, दोन वाक्यांत, आणि समोरून पद विचारलं गेलं, बोर्डावर आहे का म्हणून.

इंग्लंडने २०२३ च्या कायद्याने आर्थिक गुन्ह्यांपुरतं हे बदललं. आता बोर्डावर असणं लागत नाही, कंपनीच्या कामाच्या मोठ्या भागाचे निर्णय घेण्यात ज्याचा महत्त्वाचा वाटा आहे असा वरिष्ठ मॅनेजर आपल्या अधिकारात गुन्हा करतो तर कंपनीही दोषी. माझा फायनान्स हेड त्यात अलगद बसला असता. आपल्याकडे इरिडियमचे शब्द तेवढे रुंद आहेत असं मला वाटतं, नियंत्रण किती घट्ट हे विचारलंय, पाटीवर पद काय हे नाही. पण प्रत्येक जजला तसं वाटेलच असं नाही.

आणि हो, थोडं जमवतो म्हटलं होतं. मोठ्या कंपन्या सल्ला मागतात तेव्हा अधिकारांची वाटणी कागदावर स्वच्छ करून देणं हे माझंच काम असतं, कोण काय ठरवणार, काय वरपर्यंत जाणार आणि काय नाही. चांगल्या कारभारासाठी ते लागतंच. त्याच कागदाने उद्या वरच्याला "माझ्यापर्यंत आलंच नाही" म्हणायची सोयही होते, हे मला माहीत असतं, त्यांनाही माहीत असतं, आणि त्यावर आम्ही बोलत नाही. यावर तुम्ही चिडणार असाल तर चिडा, मी यावर युक्तिवाद करणार नाही.

फक्त पुढच्या वेळी तक्रार घेऊन याल तेव्हा डायरेक्टरांची यादी आणू नका, ती मला ऑनलाइन मिळते. कोणत्या तारखेला, कोणाला, काय कळलं होतं आणि त्यानंतर त्याने कोणाला काय करायला लावलं, एवढं आणा.