सगळंच तातडीचं नसतं

आज खानापूरला भाचीबरोबर तिच्या आठवड्याच्या कामांचे चार चौकोन पाडले: पहिला तातडीचं आणि महत्त्वाचं, दुसरा महत्त्वाचं पण तातडीचं नाही, तिसरा तातडीचं पण महत्त्वाचं नाही, चौथा दोन्ही नाही. ती बेळगावला बी.कॉम. करते, रोज बसने ये-जा. पहिल्या फेरीत तिने जवळजवळ सगळी कामं 'तातडीचं आणि महत्त्वाचं' यातच घातली. असं झालं की वर्गवारी झालीच नाही असं समजावं.

मग प्रत्येक कामाला दोन प्रश्न वेगवेगळे विचारले. मुदत याच आठवड्यात संपते का? आणि नाही केलं तर तिचं स्वतःचं काय अडेल? शुक्रवारची असाइनमेंट पहिल्या चौकोनात राहिली. मैत्रिणीसाठी झेरॉक्स काढणं तातडीचं, पण तिच्यासाठी महत्त्वाचं नाही. ते मैत्रिणीकडेच परत गेलं. रील्स चौथ्यात.

खरी गोची कन्नडची. राज्य सरकारी नोकरीसाठी ते पक्कं हवं, पण त्याला मुदत नाही, म्हणून दर आठवड्याला तेच मागे पडतं. दुसऱ्या चौकोनातल्या कामाला वार आणि वेळ द्यावीच लागते. मंगळवारी आणि गुरुवारी बसच्या आधी पाऊण तास ठरला. रविवारी ते तसंच उरलेलं दिसलं, तर तिसऱ्या चौकोनातलं एक काम कमी करायचं. झोपेला हात लावायचा नाही, हे मी तिला बजावून सांगितलंय.