रिपोर्टमधली गादी आणि बादलीतलं पाणी

«आठ महिने कंबर दुखतेय. एमआरआयमध्ये एल-४ एल-५ ची गादी सरकलीय असं आलंय. आता व्यायाम केला तर अजून सरकेल का? आणि करायचा तर कुठला?»

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: करा. पण आधी त्या रिपोर्टचं वजन तुमच्या डोक्यावरून थोडं उतरवू.

रिपोर्टवर बहुतेक ‘डिफ्यूज डिस्क बल्ज’, ‘डिस्क डेसिकेशन’ आणि ‘लॉस ऑफ लंबर लॉर्डोसिस’ असे शब्द असतील. एल-४ एल-५ म्हणजे कमरेचा चौथा आणि पाचवा मणका, आणि गादी म्हणजे त्यांच्यामधली डिस्क. बल्ज म्हणजे गादीची कड मण्याच्या कडेबाहेर जरा फुगलेली. गादी जागची निसटलेली नाही. दोन मण्यांना ती इतकी घट्ट चिकटलेली असते की साबणासारखी सटकणं तिला शक्यच नाही. डेसिकेशन म्हणजे तिच्यातलं पाणी वयानुसार कमी झालंय. आणि लॉर्डोसिस, म्हणजे कमरेचा बाक, सपाट दिसायला मशिनमध्ये गुडघ्याखाली उशी घेऊन उताणं झोपणंही पुरतं.

२०१५ साली एका अमेरिकी नियतकालिकात ३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यातल्या ३,११० माणसांपैकी कोणाचीही कंबर दुखत नव्हती. तरी चाळिशीतल्या साधारण निम्म्या लोकांच्या स्कॅनमध्ये बल्ज होता आणि ६८ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. विशीतसुद्धा झिजेचं प्रमाण ३७ टक्के होतं. म्हणजे चाळिशीतला बल्ज हा बराचसा पिकल्या केसांसारखा. आठ महिन्यांपूर्वी, कंबर दुखायच्या आधी, स्कॅन काढला असता तरी तो तिथे दिसला असता, अशी दाट शक्यता आहे.

वाचणाऱ्यांतही एकमत नसतं. अमेरिकेत ६३ वर्षांच्या एका बाईंचा एमआरआय तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या केंद्रांत काढला गेला. दहा रिपोर्टांत मिळून ४९ वेगवेगळे दोष लिहिले गेले आणि दहाही ठिकाणी सापडला असा दोष एकही नव्हता.

मग स्कॅन कधी खरा धरायचा? शरीर आणि चित्र एकाच ठिकाणी बोट दाखवतील तेव्हा. एल-४ एल-५ ची गादी बहुधा एल-५ ची नस दाबते. तसं असेल तर कळ नडगीच्या बाहेरच्या बाजूनं पावलाच्या वरच्या भागात, अंगठ्यापर्यंत जाते, आणि टाचांवर चालताना त्या पायाचा चवडा उचलायला जड जातो. तुमचं दुखणं कमरेत आणि फार तर नितंबापर्यंत असेल, टाचांवर नीट चालता येत असेल, तर त्या बल्जवर खटला उभा राहत नाही.

काही लक्षणं मात्र व्यायामाआधी डॉक्टरांकडे नेणारी आहेत. जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली, पाऊल लुळं पडू लागलं, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. संध्याकाळचा ताप, वजन घटणं, रात्री झोप उडवणारं दुखणं असेल तर आपल्याकडे मणक्याचा टीबी डोक्यात ठेवावाच लागतो. पूर्वी कॅन्सर झालेला असणं किंवा उतारवयात पडल्यावर सुरू झालेली कंबरदुखी हीसुद्धा त्याच यादीत. आणि तरुण माणूस सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडत असेल, हालचालीनं मोकळा होत असेल, तर सांध्यांच्या वाताच्या डॉक्टरांना विचारावं.

हे काही नसेल, तर व्यायाम. तो गादीला आत ढकलत नाही, आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. आठ महिने जपून वावरल्यावर कमरेची सहनशक्ती घटलेली असते आणि मज्जासंस्था साध्या वाकण्यालाही धोका समजून ओरडते. व्यायाम हळूहळू भार वाढवून हे दोन्ही बदलतो. म्हणून एखादा जादूचा व्यायाम शोधण्यापेक्षा भार मोजून वाढवणं महत्त्वाचं.

पहिला व्यायाम चालण्याचा. समजा, वय ४३, दिवसभर खुर्चीतलं काम, बारा मिनिटं चाललं की कंबर भरून येते. तर सुरुवात नऊ मिनिटांनी, दिवसातून दोनदा. घड्याळ बघून थांबायचं, दुखणं बघून नाही. बहुतेकांची चूक इथेच होते: रविवारी बरं वाटलं म्हणून सगळे माळे साफ करायचे आणि पुढचे तीन दिवस आडवं पडायचं. दर तीन-चार दिवसांनी दोन मिनिटं वाढवा, आणि सलग अर्धा तास जमला की आठवड्यातून पाच दिवस तेवढंच. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकतेच उठलेल्यांपैकी ज्यांना असं टप्प्याटप्प्यानं चालायला लावलं आणि दुखणं समजावून सांगितलं, त्यांच्यातल्या निम्म्यांची कंबर पुन्हा धरायला २०८ दिवस लागले. बाकीच्यांतल्या निम्म्यांची ११२ दिवसांतच धरली.

दुसरा व्यायाम सतरंजीवर. मुलांसाठी घोडा होतो तसे हात-गुडघ्यांवर या. उजवा हात पुढे, डावा पाय मागे, जमिनीला समांतर, आठ-दहा सेकंद. मग बाजू बदला. प्रत्येक बाजूला सहा वेळा, थोडी विश्रांती, मग चार, मग दोन. कमरेच्या खाली माकडहाडावर प्लास्टिकची रिकामी वाटी ठेवा. ती पडली तर पाय जरुरीपेक्षा वर गेलाय आणि कंबर पिळतेय.

तिसरा सगळ्यात कामाचा, कारण जी भीती वाटते तिच्याशीच त्याची गाठ आहे: वाकून उचलणं. भिंतीकडे पाठ करून एक पाऊलभर अंतरावर उभे राहा. झाडूचा दांडा पाठीवर उभा धरा, डोकं, पाठीचा मध्य आणि माकडहाड तिन्ही त्याला टेकलेले. गुडघे किंचित सैल सोडून नितंब मागे भिंतीला टेकवा. दांडा माकडहाडापासून सुटला तर वाकणं कमरेतून झालं, खुब्यातून नाही. दहा वेळा नीट जमलं की दांडा ठेवून बादली घ्या. स्टुलावर ठेवलेल्या बादलीत पाच लिटर पाणी, म्हणजे पाच किलो. आठ वेळा उचला, ठेवा, अशा तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. दर आठवड्याला एक लिटर वाढवा. दहा लिटर सहज झालं की बादली स्टुलावरून पाटावर, मग जमिनीवर. जागा खाली आणाल त्या आठवड्यात पाणी वाढवू नका. पोक काढून वाकणं विष नाही, रोज चप्पल घालताना आपण तेच करतो. पण वजनाची सुरुवात खुब्यांनी केलेली बरी.

करताना दुखणं दहापैकी चारपर्यंत चालेल, दुसऱ्या सकाळी पूर्ववत हवं. तसं नसेल तर शेवटचं वाढवलेलं काढून टाका. कळ पायात आणखी खाली उतरत असेल तर तो व्यायाम थांबवा. उलट पायातलं दुखणं वर सरकून कमरेत गोळा होत असेल, तर कंबर जरा जास्त दुखली तरी ते चांगलं लक्षण आहे.

पट्टा आणि ट्रॅक्शन, जुन्या कंबरदुखीत नेहमीचा उपाय म्हणून दोन्ही वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या मार्गदर्शनात म्हटलंय. पट्टा असेलच तर एसटीच्या लांब प्रवासापुरता ठेवा.

आठ ते बारा आठवडे धरा. मधे एखाद्या दिवशी उसण भरेलच. तेव्हा दोन-तीन दिवस सगळं निम्म्यावर आणा, चालणं बंद करू नका, आणि मग मागच्या आठवड्याच्या पाण्यापासून पुन्हा सुरू करा. बरं वाटल्यावर खात्रीसाठी दुसरा एमआरआय काढू नका. बल्ज बहुधा तिथेच दिसेल.