आमची वाटचाल: झेड शून्यावर आला, पैसे कुठे आहेत?

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या छोट्या फर्मचं काम सांगायला सोपं आहे. एकाच क्षेत्रातल्या दोन शेअरची जोडी, म्हणजे पेअर, निवडायची, तुलनेने महाग झालेला फ्युचर्समध्ये विकायचा, स्वस्त राहिलेला घ्यायचा आणि दोघांतलं अंतर नेहमीच्या जागी आलं की दोन्ही सौदे काढून टाकायचे. पैसा भागीदारांचाच, बाहेरच्या कुणाला सल्ला देत नाही. इतक्या काळात आमची पद्धत ज्या एका आकड्यामुळे बदलत गेली तो म्हणजे हेज रेशो, एका शेअरसमोर दुसरे किती धरायचे ते प्रमाण. ही वाटचाल त्या आकड्याचीच आहे.

सुरुवातीची पद्धत स्थिर रेशोची होती. साधारण २५० सत्रांचे बंद भाव घ्यायचे, रिग्रेशन लावायचं, म्हणजे दोघांच्या भावांना सगळ्यात जवळची सरळ रेषा काढायची, आणि तिचा जो उतार, म्हणजे बीटा, येईल तो पुढचे काही महिने वापरायचा. पण दोन कंपन्यांचा धंदा एकाच चालीने वाढत नाही. एका बँकेचं रिटेल कर्ज वाढतं, दुसरी ठेवी गोळा करण्यात अडकते, आणि वर्षभरापूर्वीचा रेशो आजच्या भावांना लागू पडत नाही. म्हणून आम्ही रोलिंग रिग्रेशनवर आलो: रोज शेवटची ६० सत्रं घ्यायची, त्यावर ताजा अल्फा, म्हणजे रेषेतला स्थिर आकडा, आणि बीटा काढायचा, आणि आजचा भाव त्या रेषेपासून किती लांब आहे ते पाहायचं. रिग्रेशनसाठी कॅश मार्केटचे, बोनस-स्प्लिट वगैरे समायोजित केलेले भाव वापरतो. सौदा फ्युचर्समध्ये होतो, कारण हातात नसलेला शेअर कॅशमध्ये विकला तर तो सौदा साधारणपणे रात्रभर ठेवता येत नाही. फ्युचर्सचेच भाव रिग्रेशनमध्ये घातले तर दर एक्सपायरीला रोलओव्हरचा, म्हणजे सौदा पुढच्या महिन्याच्या करारात नेतानाचा, भावातला फरक मालिकेत घुसतो आणि अंतर नसतानाही अंतर दिसतं.

```python
import statsmodels.api as sm
from statsmodels.regression.rolling import RollingOLS

X = sm.add_constant(x)
p = RollingOLS(y, X, window=60).fit().params.shift(1)
s = y - p.iloc[:, 0] - p.iloc[:, 1] * x
z = s / s.rolling(60).std().shift(1)
```

यातला `shift(1)` कधीही काढू नये. तो नसेल तर आजचा भाव आजच्याच रेषेत मिसळतो, रेषा त्या भावाकडे थोडी सरकते आणि फरक खऱ्यापेक्षा लहान दिसतो. कालपर्यंतची रेषा आणि आजचा भाव, असंच मोजायचं. शेवटच्या ओळीतला झेड म्हणजे हा फरक त्याच्या प्रमाण विचलनाच्या किती पट आहे तो आकडा.

एवढं नीट केलं तरी रोलिंग रिग्रेशनमध्ये एक सापळा राहतोच. आमच्याकडे शिकायला येणारी मुलं पहिल्या काही आठवड्यांतच विचारतात, "सर, झेड शून्यावर आलाय, मग पैसे कुठे आहेत?" प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तरासाठी आम्ही त्यांना एक सौदा कागदावर मांडायला लावतो. खालचे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, कुठल्या ठरावीक शेअरचे नाहीत.

समजा पहिला शेअर ९४८ रुपयांवर आहे आणि दुसरा ६०० वर. ६० सत्रांच्या रिग्रेशनने अल्फा २०० आणि बीटा १.२० दिला. म्हणजे रेषेनुसार पहिल्याचा भाव २०० अधिक १.२० गुणिले ६००, एकूण ९२० हवा. तो २८ रुपये महाग आहे. फरकाचं प्रमाण विचलन १४ रुपये, म्हणून झेड बरोबर २. फ्युचर्समध्ये सौदा ठरावीक संख्येच्या लॉटमध्येच होतो; पहिल्याचा लॉट ५०० आणि दुसऱ्याचा ६०० धरू. मग ५०० विकायचे आणि १.२० च्या हिशेबाने ६०० घ्यायचे, दोन्हीकडे एकेक लॉट. असं नेमकं जुळणं प्रत्यक्षात क्वचितच होतं. बीटाप्रमाणे ७२६ शेअर हवेत आणि लॉट ७०० चा आहे, तर २६ शेअरची बाजू उघडी राहते. ती किती रुपयांची आहे, हे सौद्याच्या आधीच लिहून ठेवावं लागतं.

तीस सत्रांनंतर पहिला १०१० वर गेला आणि दुसरा फक्त ६१० वर. विकलेल्या बाजूला ६२ गुणिले ५००, म्हणजे ३१,००० तोटा. घेतलेल्या बाजूला १० गुणिले ६००, म्हणजे ६,००० नफा. खात्यात उणे २५,०००. आता त्याच दिवशीचं रोलिंग रिग्रेशन पाहा. खिडकीतली निम्मी सत्रं नवी आहेत आणि त्यांत पहिला शेअर दुसऱ्यापेक्षा खूप जोरात चढला आहे. म्हणून बीटा २.५० झाला, अल्फा उणे ५२५ आणि विचलन २२. नव्या रेषेचा भाव येतो १०००. फरक १० रुपये, झेड ०.४५. स्क्रीन सांगते की अंतर मिटलं, सौदा काढा. अंतर मुळीच मिटलेलं नाही, रेषाच भावाच्या मागे चालत गेली. रबराची मोजपट्टी ताणून मोजल्यासारखा हा प्रकार आहे.

म्हणून आमच्या शीटमध्ये आता प्रत्येक चालू सौद्याचे दोन झेड शेजारी-शेजारी असतात. एक चालता, रोज नव्या रेषेचा. दुसरा गोठवलेला: एन्ट्रीच्या दिवशीचा अल्फा, बीटा आणि विचलन तसंच ठेवून आजच्या भावांवर काढलेला. वरच्या उदाहरणात गोठवलेली रेषा ९३२ सांगते, फरक ७८ रुपये, म्हणजे झेड ५.६. ०.४५ आणि ५.६ शेजारी दिसले की कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. नाती तुटतात तेव्हा ही खूण सगळ्यात आधी दिसते, आणि आमच्या मते सगळ्यात भरवशाचीही हीच. नफा-तोटा कायम गोठवलेल्या फरकाबरोबर चालतो: ७८ वजा २८ म्हणजे ५०, गुणिले ५०० शेअर, २५,०००. एन्ट्री आणि एक्झिट ठरवायला चालता झेड ठीक आहे, पण नातं जिवंत आहे का हे तपासायला गोठवलेलाच हवा.

काही जण वाढत्या बीटाप्रमाणे दुसरी बाजूही वाढवत नेतात. ते आम्ही करत नाही, कारण इथेच पेअर चोरपावलांनी वेगळाच सौदा होऊन बसते. एन्ट्रीला ४,७४,००० ची विक्री आणि ३,६०,००० ची खरेदी होती. बीटा २.५० मानून दुसरी बाजू १२५० शेअरवर नेली, तर ७,६२,५०० ची खरेदी आणि ५,०५,००० ची विक्री होते. आता बाजार पडला तर अडीच लाखांहून जास्त रकमेची तेजीची बाजू उघडी आहे, आणि ती कुणी ठरवून घेतलेली नाही. एन्ट्रीचे लॉट एक्झिटपर्यंत तसेच ठेवायचे, आणि चालता बीटा एन्ट्रीच्या बीटापासून वीस टक्क्यांहून जास्त सरकला तर लॉट न बदलता सौदाच तपासायला घ्यायचा, असा आमचा नियम आहे.

बीटाच्या आलेखावर फार विसंबू नये. लागोपाठच्या दोन दिवसांच्या खिडक्यांत ६० पैकी ५९ सत्रं तीच असतात, त्यामुळे आलेख कायम गुळगुळीत दिसतो आणि मोडही सावकाश वळणासारखी भासते. आजच्या बीटाची तुलना ६० सत्रांपूर्वीच्या बीटाशी करावी, जिथे एकही सत्र सामाईक नाही. सोबत अल्फाही पाहावा. भाव शून्यापासून दूर असल्यामुळे बीटा वर गेला की अल्फा खाली जातो. २०० वरून उणे ५२५ ही उडी नुसत्या बीटाच्या आलेखात इतकी डोळ्यांत भरत नाही.

सहसंबंधाचं काय, असं हमखास विचारलं जातं. रोजच्या परताव्यांचा सहसंबंध इथे काहीच बोलत नाही. उदाहरणात दुसरा शेअर १० रुपये चढला, तर जुन्या नात्याने पहिला १२ चढायला हवा होता. तो ६२ चढला. हे जादा ५० रुपये तीस सत्रांत वाटले तर दिवसाला पावणेदोन रुपयांहून कमी येतात, म्हणजे ०.२ टक्क्याच्याही आत. सहसंबंध मोजताना सरासरी वजा होते, आणि रोजचा हा बारीक कल नेमका सरासरीतच असतो. दोन्ही शेअर रोज एकत्र वर-खाली होत राहतात, सहसंबंध जागचा हलत नाही आणि खातं मात्र झिजत जातं.

दुसरी उपयोगी खूण अर्धायुष्याची. गोठवलेल्या फरकाचा रोजचा बदल आदल्या दिवशीच्या फरकावर रिग्रेस करायचा. मिळालेला गुणांक λ धरला तर अर्धायुष्य `-ln(2)/λ`. λ उणे ०.०९ असेल तर अंतर अर्धं व्हायला साधारण आठ सत्रं लागतात. तोच उणे ०.०२ वर आला तर जवळजवळ पस्तीस, म्हणजे मध्ये एक तरी रोलओव्हर, कदाचित दोन. चालत्या फरकावर हे गणित करू नये. रेषा रोज सरकत असल्यामुळे तो फरक आपोआप शून्याकडे येतो आणि अर्धायुष्य फसवं कमी दिसतं. एन्ट्रीच्या वेळच्या अर्धायुष्याच्या दुपटीइतकी सत्रं उलटली आणि गोठवलेला झेड खाली आला नाही, तर आम्ही तोटा कितीही असो, सौदा काढतो.

फरक एका दिवसात उडी मारून तिथेच थांबला असेल, तर गणिताआधी कंपनीच्या घोषणा पाहाव्यात. २० जुलै २०२३ ला जिओ फायनान्शियल वेगळी होताना विशेष सत्रात रिलायन्सचा भाव २,५८० ठरला, आदल्या दिवशी तो २,८४१.८५ होता. मधले २६१.८५ रुपये वेगळ्या झालेल्या कंपनीचे. भाव समायोजित केले नाहीत तर हीच रक्कम रिलायन्सच्या पेअरमध्ये भलामोठा सिग्नल होऊन बसते. एचडीएफसी आणि एचडीएफसी बँकेचं उदाहरण याच्या उलट बाजूचं. ४ एप्रिल २०२२ ला विलीनीकरण जाहीर झालं: एचडीएफसीच्या २५ शेअरमागे बँकेचे ४२. त्या दिवसापासून रेशो ४२ भागिले २५, म्हणजे १.६८ हाच, आणि उरलेला फरक विलीनीकरण पूर्ण होईपर्यंतच्या वेळेचा आणि जोखमीचा. ६० सत्रांच्या खिडकीतून घोषणेआधीचे सगळे दिवस बाहेर पडायला मात्र जवळजवळ तीन महिने लागतात. तोवर मिळणारा बीटा दोन वेगळ्या नात्यांची भेसळ असतो.

सौदा काढायची वेळ आली की दोन्ही बाजू एकत्र काढायच्या. एखादा शेअर एफ अँड ओ बॅनमध्ये गेला असेल तर त्यात नवी पोझिशन घेता येत नाही, असलेली फक्त कमी करता येते. म्हणून जवळ आलेला बॅन हेसुद्धा आमच्याकडे लवकर बाहेर पडायचं कारण आहे. बाहेर पडलेली पेअर पुढची ६० सत्रं कागदावरच राहते. त्यानंतर पूर्णपणे नव्या सत्रांवर रेषा काढून ती गोठवतो आणि आणखी काही आठवडे नुसता तिचा झेड लिहीत राहतो. तो वरून आणि खालून, दोन्ही बाजूंनी शून्य ओलांडताना दिसला, तरच त्या पेअरमध्ये पुन्हा एकेक लॉट लावतो.