दोन तासांच्या स्लॉटमध्ये न मावणारा ग्रोथ कर्व्ह

एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या प्रोजेक्टमध्ये मला ई. कोलाय या जिवाणूचा ग्रोथ कर्व्ह, म्हणजे वेळेनुसार वाढीचा आलेख, काढायचा होता. दर अर्ध्या तासाला ६०० नॅनोमीटरवर ओडी, म्हणजे कल्चरच्या गढूळपणाचा आकडा, घ्यायची, सहा तासांत काम संपायचं. मीडिया, ऑटोक्लेव्ह, इनॉक्युलेशन यांत काहीच अडलं नाही. अडलं ते स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या रजिस्टरपाशी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमच्या विभागात हे मशीन एकच. रजिस्टरात प्रत्येकाला दोन तासांचाच स्लॉट आणि लागोपाठ दोन स्लॉट मिळत नाहीत. मला दहा ते बारा आणि दोन ते चार असे मिळाले, मधला दुसऱ्या गटाचा. मी विनंती केली, "दर अर्ध्या तासाला दोनच मिनिटं द्या." उत्तर आलं, "नियम सगळ्यांना सारखा." एन्झाइमचं रिडिंग चालू असताना त्यांना थांबता येत नव्हतं हे मला कळतं. पण ज्या कामाला सहा तास लागतात त्याला दोन तासांची चौकट कशी पुरणार, हे रजिस्टर बनवणाऱ्यांनी एकदा तरी बघायला हवं होतं.

तरी मी प्रयोग लावला. अकराला ओडी ०.०९, बाराला ०.३६. म्हणजे तासात चौपट, दुप्पट व्हायला ३० मिनिटं. मग मशीन गेलं. सव्वादोनला रिडिंग आलं १.४४. हेही चौपटच, पण १३५ मिनिटांत. हिशेबाने दुप्पट व्हायला ६७ मिनिटं! जिवाणू वाढून केव्हाच मंदावले होते आणि लॉग फेजचा, म्हणजे वेगाने दुप्पट होण्याच्या टप्प्याचा, मोठा भाग त्या कोऱ्या जागेत गेला होता. मॅडमनी आलेखावर बोट ठेवलं, "या दोन ठिपक्यांमध्ये काय झालं, सांग बघू." मला सांगता आलं नाही. शिवाय १.४४ हा आकडाही कच्चाच. ओडी साधारण ०.५च्या वर गेली की मशीन कमी दाखवायला लागतं, नमुना ब्रॉथने पातळ करून वाचायचा आणि तेवढ्या पटीने गुणायचं असतं. ते मी घाईत केलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी खानापूरच्या बसमध्ये डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. नमुना वेळेवर काढायलाच हवा, पण वेळेवर वाचायलाच हवा असं कुठं आहे? बर्फात ठेवला तर ई. कोलाय वाढत नाही. म्हणजे दिवसभर नमुने जमवायचे आणि सगळे एकाच स्लॉटमध्ये वाचायचे. पण आधी खात्री केली: एक नमुना लगेच वाचला, ०.४२ आला, तीन तास बर्फात ठेवून परत वाचला, ०.४३ आला. तेवढा फरक मला चालणार होता. तुमचा जिवाणू वेगळा असेल तर ही तपासणी आधी करून बघा.

मग स्लॉटपासून उलटं मोजलं. वाचायला दोन ते चार. नमुने दहा ते दोन, दर अर्ध्या तासाला तीन मिली, म्हणजे नऊ नळ्या. दहाला इनॉक्युलेशन, म्हणून सोळा तासांचं ओव्हरनाइट कल्चर आदल्या संध्याकाळी सहाला लावायचं. ते लावून साडेसहाची बस मिळते. ब्रॉथचे फ्लास्क त्याच रात्री ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवले: सकाळी गढूळ दिसले नाहीत म्हणजे स्टराइल आहेत, आणि गरमही झालेले. पहिल्या वेळी फ्रीजमधला थंड ब्रॉथ वापरला होता, तेव्हा लॅग, म्हणजे वाढ सुरू होण्याआधीचा काळ, उगाच लांबला. ऑटोक्लेव्हला १२१ अंशांवर पंधरा मिनिटं लागतात असं पुस्तकात असतं. तापणं आणि निवणं धरून दीड-दोन तास जातात, म्हणून तो परवाच उरकलेला.

बर्फाचे ट्रे आदल्या दिवशीच लावा आणि बर्फ फोडून त्यात थोडं पाणी घाला, नाहीतर नळीला तो नीट लागत नाही. आणखी एक, थंड क्युवेटवर बाहेरून दव धरतं आणि ओडी वाढून येते. मी दोनदा फसले. टिश्यूने पुसा, नळी हलवून मगच ओता, ब्लँकसुद्धा थंडच घ्या.

मशीनचा दिवा तापायला वीस मिनिटं लागतात, ती आपल्याच स्लॉटमधून जातात. लॅबमधल्या मामांना सांगून ठेवलं, "मामा, आधीच्यांना मशीन बंद करू देऊ नका." ते म्हणाले, "बंद करायचं नाही म्हणून चिठ्ठीच लावतो की."

दुसऱ्या वेळी लाइट साडेबाराला सात मिनिटं गेली, शेकर थांबला. ती वेळ वहीत लिहिली. नऊही ठिपके आले, लॉग फेजची सरळ रेघ चार ठिपक्यांतून गेली आणि दुप्पट व्हायला ३१ मिनिटं निघाली. मॅडमनी आलेखावर सही केली. रजिस्टरात लांब कामांसाठी वेगळा रकाना ठेवावा, असा अर्ज मी विभागाकडे दिला आहे.