‘पी’ म्हणजे चार: भाचीच्या गुणपत्रकाचं जर्मन भाषांतर

गुणपत्रकाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात जे कोष्टक छापलेलं असतं, ते घरातलं कोणी कधी वाचत नाही. माझ्या भाचीचा जर्मनीतला प्रवेश त्याच कोष्टकातल्या एका ओळीपायी अडला. ती ओळ सोडवून घेताना जी दमछाक झाली त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी पुण्यात जर्मन शिकवते आणि भाषांतरं करते. भाचीने इथल्याच एका स्वायत्त कॉलेजातून अर्थशास्त्र घेऊन बी.ए. केलं आणि तिकडे एम.ए.ला अर्ज टाकला. जर्मनीत बहुतेक ठिकाणी इंग्रजीतले कागद तसेच चालतात, पण हा अभ्यासक्रम पूर्ण जर्मनमधून होता आणि त्यांनी भाषांतर मागितलं. मी तेव्हा आईच्या आजारपणात गुंतले होते, म्हणून तिने मोबाइलवर फोटो काढून एका एजन्सीकडून काम करून घेतलं. भारतीय कागदपत्रं तपासणाऱ्या एपीएस या जर्मन केंद्राचं प्रमाणपत्र, भाषेची परीक्षा, पैशांची सोय, सगळं सुरळीत झालं. मग विद्यापीठाचं पत्र आलं: तुमची श्रेणी आमच्या मोजणीनुसार २.६ येते, आम्हाला किमान २.५ हवी. सबब अर्ज विचारात घेता येणार नाही.

जर्मनीत १.० सर्वांत वरची श्रेणी आणि ४.० म्हणजे काठावर पास, हे आधी डोक्यात पक्कं करायला हवं. आकडा जितका लहान तितका चांगला. परदेशी गुण या पट्टीत बसवायला तिथली विद्यापीठं साधारणपणे एकच सूत्र वापरतात, त्याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात:

```
x = 1 + 3 × (Nmax − Nd) / (Nmax − Nmin)
```

Nmax म्हणजे तुमच्या पद्धतीतली सर्वोच्च श्रेणी, Nd तुम्हाला मिळालेली, आणि Nmin म्हणजे पास होण्यापुरती सर्वांत खालची. सगळा खेळ या शेवटच्या आकड्याचा आहे. भाचीचा सीजीपीए ७.३ होता, दहापैकी. किमान श्रेणी ४ धरली तर उत्तर २.३५ येतं, आणि दुसरा दशांश गाळून ते २.३ धरतात. किमान ५ धरली तर येतं २.६२, म्हणजे २.६. विद्यापीठाने ५ धरले होते.

का धरले, हे शोधायला मी भाषांतर मागवून घेतलं आणि पहिल्याच पानावर कारण दिसलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या श्रेयांक पद्धतीत ‘ओ’ला १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, ‘बी प्लस’ला ७, ‘बी’ला ६, ‘सी’ला ५ आणि ‘पी’ला ४ गुणांक असतात, नापास म्हणजे शून्य. एजन्सीकडे गेलेला फोटो फक्त पुढच्या बाजूचा होता. पुढे तिच्या विषयांच्या श्रेणी होत्या, त्यात सर्वांत खालची ‘सी’. कोष्टक मागे होतं, ते त्यांनी पाहिलंच नाही. मग त्यांनी आठवणीतून एक तक्ता जोडला आणि ‘पी’च्या पुढे नुसतं ‘उत्तीर्ण’ असं लिहून आकडा सोडून दिला. तिकडच्या कारकुनाला आकडा असलेली सर्वांत खालची श्रेणी दिसली ‘सी’, म्हणजे ५. त्याने दिसलं ते घेतलं. त्याला मी दोष देत नाही.

इथून पुढचा त्रास मात्र आपल्याकडचा.

मागच्या बाजूचा नवा फोटो पाठवून, नीट भाषांतर करून प्रश्न सुटेल असं मला वाटलं होतं. भाऊजींनी कपाटातून गुणपत्रकं काढली, तर सगळी लॅमिनेट केलेली. फ्लॅशचा पांढरा पट्टा नेमका कोष्टकावर. खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून परत फोटो काढले आणि ते व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितले, कारण फोटो म्हणून पाठवला की बारीक अक्षरं फिसकटतात. मी भाषांतर केलं, विद्यापीठाला पाठवलं. उत्तर आलं की भाषांतरकाराची टीप हा पुरावा होत नाही. सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण श्रेणी किती, हे पदवी देणाऱ्या किंवा परीक्षा घेणाऱ्या संस्थेने लेखी द्यावं.

मागणी रास्त होती. मीच त्यांच्या जागी असते तर हेच मागितलं असतं.

कॉलेजच्या परीक्षा विभागात गेलो तर खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, “मागे छापलंय ना मॅडम, वेगळं पत्र कशाला?” त्यांना सांगितलं की तिकडच्यांना पत्रच हवं आहे. “असं पत्र आम्ही देत नाही, विद्यापीठात जा, पदवी त्यांची आहे.” विद्यापीठाच्या खिडकीवर सांगितलं, “तुमचं कॉलेज स्वायत्त आहे, गुण त्यांनी दिले, त्यांनाच विचारा.” दोन्ही वाक्यं आपापल्या जागी खरी होती आणि त्यामुळेच चीड यायची. स्वायत्त कॉलेज परीक्षा घेतं, गुणपत्रक देतं, पदवी मात्र मूळ विद्यापीठाच्या नावाने मिळते. इथल्या माणसाला हे कळतं. पण एका कागदावर कॉलेजचं नाव आणि दुसऱ्यावर विद्यापीठाचं पाहून परदेशातल्या माणसाला वाटतं की ही दोन वेगळी शिक्षणं आहेत. भाषांतराच्या टिपेत मी पहिलं वाक्य याचंच घातलं.

मुदत जवळ येत होती आणि रोज कोणीतरी रजेवर असायचं. भाची रडकुंडीला आली. मी पुन्हा परीक्षा विभागात गेले तेव्हा मागणीच बदलली. पत्र मागण्याऐवजी ट्रान्सक्रिप्टचा अर्ज भरला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं की श्रेणींचं कोष्टक किमान उत्तीर्ण गुणांकासह पुढच्याच पानावर यावं. ट्रान्सक्रिप्ट हा त्यांच्या नेहमीच्या कामाचा भाग, त्याला पावती फाटते, शिक्का बसतो, त्यामुळे नाही म्हणायला जागा राहिली नाही. त्या खात्यातल्या एका बाईंनी स्वतःहून खाली एक ओळ टाइप करून दिली: सर्वोच्च गुणांक १०, किमान उत्तीर्ण गुणांक ४. त्या बाईंची मी ऋणी आहे. ज्यांना हा प्रसंग येणार आहे त्यांनी पत्राच्या मागे न लागता थेट हाच मार्ग धरावा.

मध्येच एक जण सुचवून गेले की सीजीपीएची टक्केवारी करून पाठवा, ती सगळ्यांना कळते. कृपया असं करू नका. प्रत्येक विद्यापीठाचं रूपांतराचं सूत्र निराळं आहे. सीजीपीएमधून पाऊण वजा करून दहाने गुणायचं, हे एक बरंच चालतं. त्याने ७.३ चे ६५.५ टक्के होतात. कमाल १०० आणि किमान ४० घेऊन तेच बव्हेरियन सूत्र लावलं तर येतात २.७, म्हणजे आणखी वाईट. एकाच मुलीचे एकाच परीक्षेचे गुण तीन वाटांनी २.३, २.६ आणि २.७ होतात, आणि प्रवेशाची रेषा मध्ये २.५ वर आहे. म्हणून भाषांतरकाराने स्वतः कधीच रूपांतर करू नये. कागदावर जी पट्टी आहे ती जशीच्या तशी द्यावी, वरचं टोक आणि खालचं टोक आकड्यात लिहावं, मोजणी त्यांच्यावर सोडावी.

फोटोवरून काम करताना आणखी एक गोष्ट छळते. इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य. ‘ओ’ ही सर्वांत वरची श्रेणी आणि शून्य म्हणजे नापास, आणि चकाकणाऱ्या फोटोत १० मधला १ पुसला गेला की उरतं तेही शून्यच. एका सत्रात असंच झालं. ताळा करायला सोपं आहे, कारण प्रत्येक ओळीत श्रेयांक गुणिले गुणांक याचा गुणाकार छापलेला असतो. त्या ओळीत श्रेयांक ३ आणि गुणाकार ३०, म्हणजे गुणांक १० आणि श्रेणी ‘ओ’. मग सबंध सत्राची बेरीज घेतली: १६४ भागिले २२ श्रेयांक, ७.४५. खाली एसजीपीए तोच छापला होता. ताळा जुळला तरी न दिसलेला आकडा मी भाषांतरात भरला नाही. तिथे ‘अवाचनीय’ लिहिलं आणि नवा फोटो आल्यावरच बदललं. भाषांतर फोटोवरून केलं आहे, मूळ प्रतीवरून नाही, हेही शेवटच्या प्रमाणपत्रात स्पष्ट लिहावं लागतं.

पदवीच्या नावाचं सांगायचं राहिलं. एजन्सीने भाचीच्या ‘इकॉनॉमिक्स स्पेशल’चं शब्दशः भाषांतर केलं होतं, त्यामुळे तिने अर्थशास्त्रातला एखादा आडवाटेचा कोर्स केलाय असं वाटत होतं. आपल्या पुण्याकडच्या बी.ए.त स्पेशल म्हणजे मुख्य विषय आणि जनरल म्हणजे जोडीचा, हे टिपेत एका वाक्यात लिहिलं. पदवीचं नाव मात्र मूळ ‘बॅचलर ऑफ आर्ट्स’ असंच ठेवलं. तिकडची कुठली पदवी त्याच्या बरोबरीची, हे ठरवणं भाषांतरकाराचं काम नव्हे. पॉलिटेक्निकच्या मुलांनी तर फारच जपावं. आपला डिप्लोमा दहावीनंतरचा तीन वर्षांचा, आणि जर्मनीत ‘डिप्लोम’ ही विद्यापीठाची पदवी असते. ते नाव तसंच उतरवलं तर कागदच खोटा वाटू शकतो, म्हणून आधी मूळ नाव आणि मग ‘दहावीनंतर तीन वर्षांचा तंत्रशिक्षणाचा अभ्यासक्रम’ असा खुलासा द्यावा. जुन्या पदवीवर नुसतं पुणे विद्यापीठ असेल तर २०१४ मध्ये त्याचं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असं नामकरण झालं, ही ओळही जोडावी, नाहीतर आईची पदवी आणि मुलीची पदवी वेगवेगळ्या संस्थांची समजली जाते.

शिवाय गुणपत्रकावर आडनाव आधी आणि सोबत आईचं नाव छापलेलं असतं. पासपोर्टवरचा क्रम वेगळा असला तर तेही टिपेत घ्या. आणि लॅमिनेशन करू नका, त्यावर कोणाचा शिक्का बसत नाही. भाषांतर कोणाचं चालेल हे आधी विद्यापीठालाच विचारा. काही ठिकाणी जर्मन न्यायालयात शपथ घेतलेलाच भाषांतरकार लागतो, भाचीच्या विद्यापीठात माझ्या सही-शिक्क्याचं चाललं.

ट्रान्सक्रिप्ट आणि नवं भाषांतर एकत्र पाठवलं, सोबत दोन ओळींत विनंती केली की किमान गुणांक ४ धरून मोजणी पुन्हा करावी आणि जुनं भाषांतर बाजूला ठेवावं. ही दुसरी ओळ विसरू नका, नाहीतर फाईलमध्ये दोन तक्ते राहतात. फेरमोजणीत २.३ आले आणि अर्ज पुढे सरकला. भाची आता तिच्या मैत्रिणींना फोटो पाठवताना आधी गुणपत्रक उलटं करायला सांगते.