आमची वाटचाल : लाइन, रतीब आणि खाड्यांची वही

पेपर आणि दुधाचा रतीब घरपोच देण्याचे आमचे काम चाळीस घरांपासून सुरू झाले आणि आज दोन लाइनींवर मिळून दोनशे दहा घरे आहेत. सुरुवातीला आम्ही केवळ अंतर पाहून लाइन आखली होती, ती चूक ठरली. पेपर हलका असतो, दूध जड. त्यामुळे जिथे सर्वांत जास्त पिशव्या उतरतात ती इमारत आधी घेतली, की सायकलवरचा भार लवकर उतरतो आणि रस्ता थोडा लांबला तरी वेळ वाचतो. लिफ्ट असेल तिथे वर जाऊन जिन्याने उतरत यायचे, आणि पुरवण्या घातलेले पेपर त्याच क्रमाने लावायचे.

खरी कसोटी वसुलीची होती. दुधाचे पैसे आम्हाला रोज रोखीने भरावे लागतात, ग्राहकाचे मात्र पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत येतात; म्हणजे एक तारखेला दिलेल्या पिशवीत आमचे पैसे चाळीस दिवस अडकतात. थकबाकीमागे ग्राहकाची अनिच्छाच असते, असे आम्ही बराच काळ समजत होतो.

एका घरी रोज दोन पिशव्या जात. ते कुटुंब नऊ दिवस गावाला गेले होते, आमच्या वहीत मात्र सहाच खाडे होते. वाद सहा पिशव्यांचा, पण त्यासाठी अठ्ठेचाळीस पिशव्यांचे बिल अडले आणि पुढच्या महिन्याच्या साठ पिशव्यांची त्यात भर पडली. चौकशीत कळले, की निरोप नेहमीच्या मुलाला दिला होता आणि तीन दिवस बदली मुलगा लाइनवर होता. त्याने बंद दाराला लटकवलेल्या सहाही पिशव्या नासून फुगल्या होत्या. आम्ही चूक मान्य करून त्या वजा केल्या आणि उरलेल्या एकशे दोन पिशव्यांचे पैसे त्याच संध्याकाळी मिळाले.

तेव्हापासून खाडा त्याच दिवशी वहीत चढतो, बिलावर खाड्यांच्या तारखा लिहिल्या जातात आणि कालची पिशवी दारातच दिसली तर आजची न ठेवता मुलगा आम्हाला फोन करतो.

तरीही काही जण रखडवतात. ज्यांचा पगार उशिरा होतो त्यांच्याकडून तारीख घेऊन आम्ही त्याच दिवशी जातो, आधी तगादा लावत नाही. इतरांना दहा तारखेनंतर एकदा आठवण करतो आणि पंधराला दूध थांबवतो. पेपर चालू ठेवतो, कारण आमची रोजची रोकड दुधातच जाते. निम्मी बाकी आली, की दुसऱ्या सकाळी दूध सुरू होते.

घर बदलून गेलेल्या तिघांची बाकी मात्र बुडाली. म्हणून आता नव्या ग्राहकाकडून पंधरा दिवसांच्या दुधाची अनामत घेतो आणि ती शेवटच्या बिलात वळती करतो.