लोखंड जळत नाही, मग त्याला आगीचा रंग कशाला? अभ्यासिकेच्या पोटमाळ्याचा माझा अनुभव

पोटमाळ्याच्या परवानगीची आमची फाइल पाच आठवडे एकाच ओळीवर अडून बसली होती: "पोटमाळ्याच्या लोखंडी तुळयांच्या अग्निरोधाचा तपशील जोडावा." नकाशा, जिना, वायरिंग, बाहेर पडायचा दुसरा रस्ता हे सगळं पहिल्याच फेरीत मान्य झालं होतं. ही एक ओळ मात्र जाईना, आणि तिचा अर्थ कुणी नीट सांगेनाही.

सदाशिव पेठेत माझी अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं रात्री अकरापर्यंत बसतात. जागा वाढवायची म्हणून हॉलमध्ये लोखंडी पोटमाळा घेतला. मुख्य तुळया आयएसएमबी ३००, म्हणजे ३०० मिलिमीटर उंचीच्या, इंग्रजी I आकाराच्या, लांबी पाच मीटर, आणि त्यांच्यामध्ये आयएसएमबी १५० च्या आडव्या. खिडकीवर बसलेल्या गृहस्थांना मी म्हटलं, "अहो, लाकूड असतं तर समजलं असतं, हे लोखंड आहे, जळणार कसं?" त्यांनी शेऱ्यावर बोट ठेवलं आणि पुढचा टोकन पुकारला. त्याच हॉलच्या जुन्या काँक्रीटच्या तुळयांबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता, याचाच मला जास्त राग आला होता.

पेंटरने रेड ऑक्साइड प्रायमरवर फायर रिटार्डंट रंगाचे दोन हात मारले होते, त्याचं बिल मी जोडलं. फाइल परत आली. तेव्हा शेजारचे निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर काका आठवले. ते म्हणाले, "अगं, तो रंग लाकडावर ज्वाला पसरू नये म्हणून असतो. तुझं लोखंड पेट घेणार नाही, ते मऊ पडणार आहे. लोहाराच्या भट्टीत पट्टी लाल झाली की हातोड्याखाली कशी वळते? ती काही वितळलेली नसते."

पोलाद वितळतं १५०० अंशांच्या आसपास, पण साधारण ५५० अंशांनाच त्याची निम्मी ताकद गेलेली असते. आणि चाचणीसाठी जी प्रमाण आग धरतात, तिचं तापमान अर्ध्या तासात ८४० अंशांवर जातं. काकांनी शेऱ्याच्याच कागदामागे हिशोब मांडला. पोलादी बांधकामाच्या आयएस ८०० या मानकाच्या सोळाव्या विभागात त्याचं सूत्र आहे. तुळईवर तिच्या ताकदीच्या निम्मा भार असेल, तर ती ५६० अंशांपर्यंत तग धरते. आता तिथवर पोचायला किती वेळ लागतो, ते दोन गोष्टींवर ठरतं: आगीला तोंड देणारा पृष्ठभाग किती आणि आत वस्तुमान किती. आयएसएमबी ३०० च्या वरच्या बाजूला पोटमाळ्याची फरशी, म्हणजे आग तीन बाजूंनी. मीटरभर लांबीत सुमारे एक चौरस मीटर पृष्ठभाग आणि वजन ४६ किलो. उत्तर आलं १८ मिनिटं. आयएसएमबी १५० चं १४. आमच्या सल्लागाराने मागितली होती ६० मिनिटं. वर चाळीस मुलं, खाली कागदाचे गठ्ठे, आणि १४ मिनिटं. त्यानंतर त्या शेऱ्यावरचा माझा राग गेला. तो नीट समजावून न सांगण्यावरचा मात्र अजून आहे.

काँक्रीटच्या तुळईत आत सळई असते, ती पोलादाचीच. फरक तिच्याभोवतीच्या काँक्रीटच्या थराचा, म्हणजे कव्हरचा. पोलाद काँक्रीटच्या तीसेक पट वेगाने उष्णता आत नेतं, त्यामुळे उघडी तुळई जवळपास अख्खीच तापते. काँक्रीटचा बाहेरचा थर भाजला, तरी चार सेंटिमीटर आतली सळई बराच वेळ थंड राहते. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकात दोन्ही टोकांना नुसती टेकलेल्या तुळईला दोन तासांसाठी ४० मिलिमीटर कव्हर दिलंय ते याचसाठी. पण काँक्रीटही बिनधोक नाही. ओलं असेल तर आतली वाफ कोंडून कव्हराचे टवके उडतात. पावसाळ्यात गळून सळया उघड्या पडलेले स्लॅब आपल्याकडे जुन्या वाड्यांत-इमारतींत दिसतातच. ती सळई मग उघड्या लोखंडासारखीच तापते. आमच्या एका तुळईला असा हातभर भाग होता, तो मी आधी भरून घेतला.

उपाय होता इंट्युमेसंट, म्हणजे फुगणारा रंग. साधारण दोनशे-अडीचशे अंशांना तो फुगू लागतो आणि त्याचा जाड, सच्छिद्र कोळसा होतो. तुळईला ते कव्हरच मिळतं, फक्त आग लागल्यावर. डबा आणला, माहितीपत्रक जोडलं, फाइल पुन्हा परत: प्रायमर कोणता, जाडी किती?

इथे मी चिडले होते, पण प्रश्न बरोबर होता. नऱ्ह्याच्या फॅब्रिकेटरकडे काकांनी दोन तुकडे मागवले. एकावर रेड ऑक्साइड आणि वर फुगणारा रंग, दुसऱ्यावर रंगाच्या कंपनीने सांगितलेला इपॉक्सी प्रायमर आणि वर तोच रंग. दोन्ही उभे धरून ब्लोलॅम्प लावला. दोन्हीकडे रंग काळा पडून बोटभर फुगला. मग पहिल्या तुकड्यावरचा अख्खा थर ओल्या भिंतीवरच्या पोपड्यासारखा सरकला आणि खाली पडला. मागे चकचकीत उघडं लोखंड. तापल्यावर खालचा रेड ऑक्साइडच मऊ झाला होता. ही काही प्रमाणित चाचणी नव्हे, वेळ किती मिळेल हे त्यावरून कळत नाही, पण पकड दिसते.

म्हणून ऑर्डर देतानाच लेखी सांगा: रेड ऑक्साइड मारून आणू नका. आमच्या तुळया बोल्टच्या होत्या म्हणून सुटल्या. पुन्हा नऱ्ह्याला गेल्या, सॅन्डब्लास्ट झाल्या, म्हणजे वाळूच्या माऱ्याने जुना रंग काढला, प्रायमर बदलला. भर पेठेत ब्लास्टिंग करताच आलं नसतं.

जाडीबद्दल माझा अंदाज उलटा होता. लहान तुळईला कमी रंग लागेल असं वाटलं होतं. पण ती बारीक, म्हणून लवकर तापते. आम्ही घेतलेल्या रंगाच्या तक्त्यात ६० मिनिटांसाठी मोठ्या तुळईला ०.९ मिलिमीटर आले आणि लहानीला १.६. दुसऱ्या कंपनीच्या रंगाचा आकडा वेगळा येईल, तो त्यांच्याच तक्त्यातून घ्यायचा. एवढा थर एका हातात बसत नाही, ओघळतो. ऑगस्टची दमट हवा होती, लोखंडावर दव धरू नये म्हणून दोन हातांमध्ये कधी दोन दिवस थांबावं लागलं. पेंटर घाई करत होता, मी करू दिली नाही.

सुकल्यावर जाडी मोजायच्या गेजने मोजणी. गेज प्रायमरही मोजतं, तेव्हा त्याची जाडी वजा करायची. हे आम्ही पहिल्या दिवशी विसरलो आणि सगळे आकडे पुन्हा लिहिले. तुळईच्या उभ्या सपाट पट्टीवर, म्हणजे वेबवर, जाडी भरपूर येते, खालच्या आडव्या पट्टीच्या, म्हणजे फ्लॅंजच्या, कडांना कमी पडते. त्या कडा खालून, हात वर करून मोजा. आमच्या अकरा जागा कमी निघाल्या, तिथे आणखी एक हात दिला. वाचनांचा तक्ता, प्रायमरचं नाव आणि काकांचा हिशोब एकत्र जोडले. चौथ्या फेरीत शेरा निघाला. बाहेर रस्त्यावर येऊन मी काकांना फोन केला तेव्हा आवाज भरून आला होता.

एक राहिलं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी इलेक्ट्रिशियनने केबलसाठी दोन तुळयांना क्लॅम्प आवळले आणि चार ठिकाणी रंग लोखंडापर्यंत खरवडला. क्लॅम्प काढायला लावले, त्या चारही जागा प्रायमरपासून भरल्या, पुन्हा मोजल्या आणि वहीत तारीख घातली. केबल आता भिंतीवरून गेली आहे.